पूर एकच, करार दोन: भाडेकरार आणि पुरवठा करारातलं फोर्स मेजर

प्रश्न: माझा सांगलीत हळदीचा व्यापार आहे. गोदाम भाड्याचं आहे, नदीपासून फार लांब नाही. पुण्याच्या एका मसाला कंपनीला मी वर्षभर माल पुरवतो. दोन्ही करारांत ‘फोर्स मेजर’ असा शब्द आहे. भाडेकरारात त्यावर अख्खा परिच्छेद आहे, पुरवठ्याच्या करारात मात्र ‘हा करार नेहमीच्या फोर्स मेजर अटीच्या अधीन आहे’ एवढी एकच ओळ. याचा नेमका अर्थ काय? पूर आला तर भाडं द्यायचं थांबतं का? आणि माल उशिरा पोचला तर दंड माफ होतो का?

उत्तर: दंड बहुतेक टळेल, पण त्यासाठी पूर चालू असतानाच कंपनीला लेखी कळवलेलं असावं लागेल. भाडं मात्र बहुतेक थांबणार नाही, करारात भाड्याचा स्पष्ट उल्लेख असेल तरच थांबेल. पूर एकच असूनही दोन करारांत उत्तरं वेगळी का येतात, हे समजलं की या शब्दाचा अर्थ समजला.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात ‘फोर्स मेजर’ हा शब्द कुठेही नाही. त्यामुळे ‘आमच्यावर फोर्स मेजर आलं’ एवढं म्हणून कायद्याचं संरक्षण मिळत नाही. संरक्षण मिळतं ते तुमच्या करारात त्या शब्दाखाली जे लिहिलंय त्यातून. व्यवहारात त्याचा अर्थ असा घेतात: दोन्ही पक्षांच्या आवाक्याबाहेरची एखादी घटना घडली आणि तिच्यामुळे एखाद्याला कबूल केलेलं काम करता आलं नाही, तर तेवढ्यापुरता त्याला करारभंगाचा दोष लागत नाही. यात पूर, भूकंप, वादळ येतंच, शिवाय युद्ध, दंगल, संप, सरकारी बंदी, साथरोग यांसारख्या माणसांनी घडवलेल्या किंवा सरकारने लादलेल्या गोष्टीही येऊ शकतात. ‘दैवी आपत्ती’ हा त्याचा फक्त एक भाग आहे.

कायद्यात याला दोन दारं आहेत. करारातच अशी अट असेल तर कलम ३२ लागतं. अमुक घटना घडली तर अमुक परिणाम, असं दोघांनी आधीच ठरवलेलं असतं आणि न्यायालय तेच लागू करतं. करारात काहीच नसेल तर कलम ५६ उरतं. करार झाल्यानंतर काम अशक्य किंवा बेकायदेशीर झालं तर करार रद्दबातल होतो, असं ते कलम सांगतं. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ‘एनर्जी वॉचडॉग’ या वीजदराच्या खटल्यात पुन्हा स्पष्ट केला.

दुसरं दार फार अरुंद आहे. १९५३ साली ‘सत्यव्रत घोष’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘अशक्य’ म्हणजे अक्षरशः अशक्यच असं नव्हे, कराराचा मूळ हेतूच ढासळला तरी पुरे. पण त्याच खटल्यात करार मात्र टिकला. कोलकात्याजवळच्या एका निवासी योजनेतले भूखंड विकणाऱ्या कंपनीची जमीन दुसऱ्या महायुद्धात सरकारने ताब्यात घेतली होती आणि कंपनीला करार मोडायचा होता. न्यायालय म्हणालं की ताबा तात्पुरता आहे, करारात ठरावीक मुदत नाही, तेव्हा काम लांबलं, अशक्य झालेलं नाही. आठ-दहा दिवसांचा पूर, महिनाभराचा बंद, असल्या गोष्टी कलम ५६ मध्ये सहसा बसत नाहीत, त्या यामुळेच. शिवाय ते कलम लागलं तर करारच संपतो. तुम्हाला तर करार संपवायचा नाही, थोडी मुदत हवी आहे. ती मुदत फक्त करारातल्या अटीतून मिळते.

आता तुमच्या त्या एका ओळीकडे येऊ. ‘नेहमीच्या अटीच्या अधीन’ म्हणजे कोणत्या? या प्रश्नावर मुंबईच्या कापूस बाजारातला एक खटला १९६१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता: ‘धनराजमल गोबिंदराम विरुद्ध शामजी कालिदास’. आफ्रिकी कापसाच्या खरेदीच्या करारात जवळपास अशीच ओळ होती आणि एका पक्षाचं म्हणणं होतं की इतक्या संदिग्ध अटीमुळे करारच पोकळ ठरतो. न्यायालयाने ते मानलं नाही. ‘नेहमीची’ असा शब्द आहे म्हणजे त्या व्यापारात रूढ असलेली अट दोघांच्या मनात होती, आणि ती कोणती हे पुराव्याने शोधता येतं, असं न्यायालयाने ठरवलं. इंग्लंडमध्ये ‘नेहमीची’ हा शब्द नसलेली अशीच ओळ १९५३ साली संदिग्ध ठरली होती. तो निकाल आपल्या न्यायालयाने बाजूला ठेवला तो मुख्यतः या एका शब्दामुळे.

तेव्हा तुमची ओळ निरुपयोगी नाही. पण वाद झाला तर सांगलीच्या हळद बाजारात ‘नेहमीची अट’ काय असते, हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येईल. जुन्या सौद्यांचे कागद, व्यापारी संघटनेचे छापील नियम, त्याच कंपनीशी आधीच्या वर्षांत झालेला पत्रव्यवहार, हे सगळं गोळा करावं लागेल. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात कंपनीने दंड न लावता मुदत वाढवून दिली असेल, तर ते ईमेल आज सोन्याच्या मोलाचे आहेत, शोधून वेगळे ठेवा. आणि पुढच्या नूतनीकरणात त्या ओळीच्या जागी पूर्ण परिच्छेद घाला.

परिच्छेद असला की तो कसा वाचायचा, हे एका उदाहरणाने दाखवतो. आकडे कल्पित आहेत, पण माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं याच वळणाने जातात.

समजा तुम्ही १० ऑगस्टपर्यंत २० टन हळकुंड पुण्याला पोचवायचं कबूल केलंय. भाव किलोला १२० रुपये, म्हणजे सौदा २४ लाखांचा. उशीर झाला तर दर आठवड्याला, किंवा आठवड्याच्या भागाला, राहिलेल्या मालाच्या किमतीवर अर्धा टक्का दंड. ५ ऑगस्टला १२ टन माल उंचावरच्या शेडमध्ये पोती शिवून तयार आहे आणि ८ टन नदीकडच्या गोदामात आहे. ६ तारखेला पाणी चढतं. गोदामात पाणी शिरून ८ टन भिजतात आणि ६ ते १२ तारखेपर्यंत पुण्याकडचा रस्ता बंद राहतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पुणे–बेंगळुरू महामार्गही कोल्हापूरजवळ पाण्यामुळे बंद झाला होता, त्यामुळे हे चित्र तुम्हाला नवं नाही.

आधी वरच्या शेडमधले १२ टन पाहू. माल तयार होता, ८ तारखेला ट्रक निघणार होता, रस्ता बंद असल्याने तो १४ तारखेला पोचला. इथे पूर आणि उशीर यांची गाठ थेट आहे. पूर नसता तर माल वेळेत पोचला असता, हे ट्रकच्या बुकिंगवरून आणि वजनकाट्याच्या पावतीवरून दाखवता येतं. या १२ टनांवर दंड लागू नये.

पण हेच १२ टन ५ तारखेला तयारच नसते तर? पॉलिशिंग बाकी होतं, पोती आली नव्हती, आणि पूर ओसरल्यावर तयारीला तीन आठवडे लागले असते, तर तो सगळा काळ पुराच्या नावावर टाकता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये हॅलिबर्टन आणि वेदांत यांच्या वादात हेच सांगितलं. ठेकेदार हॅलिबर्टन टाळेबंदीच्या खूप आधीपासून मुदती चुकवत होता, तेव्हा आधीच्या चुकांना नंतरच्या साथीचं पांघरूण घालता येणार नाही. समोरच्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो: पूर यायच्या आदल्या दिवशी तुमचं काम कुठवर आलं होतं? त्याचं उत्तर कागदावर असावं लागतं.

आता भिजलेले ८ टन. अनेक व्यापारी गृहीत धरतात की आपला माल पाण्यात गेला म्हणजे तेवढा सौदा संपला. तसं नसतं. करारात ‘अमुक प्रतीचं ८ टन हळकुंड’ एवढंच लिहिलं असेल, तर तुम्ही विशिष्ट पोती नव्हे, हळद द्यायचं कबूल केलेलं आहे. ती निजामाबादच्या बाजारात मिळते, इरोडच्या बाजारात मिळते. म्हणजे काम अशक्य झालेलं नाही, ते तुम्हाला महाग पडलंय. बाहेरून माल आणायला जो रास्त वेळ लागेल तेवढी मुदत मागता येईल, पण किलोला ८ रुपये जास्त मोजून तुम्ही तो आणलात तर वरचे ६४,००० रुपये तुमच्याच खिशातून जातील.

उलट करारात ‘विक्रेत्याच्या सांगलीतील गोदामातला, नमुना तपासून ठरलेला अमुक लॉट’ असं लिहिलं असेल, तर चित्र पालटतं. वस्तुविक्री कायदा १९३० च्या कलम ८ नुसार, विशिष्ट मालाच्या विक्रीचा करार झालेला असेल आणि जोखीम खरेदीदाराकडे जाण्याआधी कोणाच्याही चुकीशिवाय तो माल नष्ट झाला, तर करार रद्द होतो. तेव्हा ते ८ टन द्यावे लागत नाहीत. त्यांच्यापोटी आगाऊ रक्कम घेतली असेल तर करार कायद्याच्या कलम ६५ खाली ती परत करावी लागते. लॉट क्रमांक करारात लिहायचा की नाही, हा वरवर कारकुनी वाटणारा प्रश्न म्हणूनच लाखभर रुपयांचा ठरू शकतो.

भाववाढीबद्दल वेगळं सांगतो, कारण या शब्दाचा सगळ्यात जास्त गैरसमज तिथे होतो. पुरानंतर हळद दीडपट महागली, तर जुन्या भावात माल द्यायची सक्ती उठते का? नाही. ‘अलोपी प्रसाद’ खटल्यात लष्कराला तूप पुरवणाऱ्यांनी म्हटलं होतं की महायुद्धामुळे सगळी परिस्थितीच बदलली, तेव्हा जुने दर आम्हाला बांधील नाहीत. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. ‘एनर्जी वॉचडॉग’मध्ये इंडोनेशियाच्या नव्या नियमांमुळे आयात कोळसा महागला होता आणि वीज कंपन्यांचं नुकसान प्रचंड होतं. तिथेही उत्तर तेच मिळालं: महाग पडणं म्हणजे अडवलं जाणं नव्हे. भावाच्या चढउताराची काळजी असेल तर करारात भावबदलाचं वेगळं कलम हवं. ते काम फोर्स मेजरवर सोपवू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती मला खरोखर काळजीची वाटते. पुष्कळ छापील अटींमध्ये ‘ज्याचा अंदाज बांधता आला नसता अशी घटना’ असे शब्द असतात. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन वर्षी मोठे पूर येऊन गेले. मग ऑगस्टमध्ये नदीकाठच्या गोदामात पाणी शिरणं ही अनपेक्षित घटना आहे, असं कोण मानेल? कलम ५६ मध्येही तरतूद आहे की काम अशक्य होणार हे एका पक्षाला माहीत होतं, किंवा थोडी चौकशी केली असती तर कळलं असतं, आणि दुसऱ्याला त्याची कल्पना नव्हती, तर पहिल्याने भरपाई द्यायची. माझा सल्ला असा की अटीत ‘अनपेक्षित’ हा शब्दच येऊ देऊ नका. त्याऐवजी ‘कृष्णेचा पूर, त्यामुळे रस्ता बंद होणं किंवा साठवणुकीच्या जागेत पाणी शिरणं’ असं नाव घेऊन लिहा. नाव घेतलेल्या घटनेवर ‘तुम्हाला आधीच माहीत होतं’ हा आक्षेप फारसा टिकत नाही, कारण दोघांनाही माहीत होतं म्हणूनच तर तिची तरतूद केली. त्याचबरोबर पुराचा इशारा आल्यावर माल वर हलवायची रास्त खटपट तुम्ही केली होती, हेही दाखवावं लागेल. इशारा मिळून दोन दिवस उलटले आणि पोती तिथेच राहिली, तर दोष पुराचा राहत नाही.

अटीतलं क्रियापदही पाहा. ‘काम करणं अशक्य झालं तर’ आणि ‘कामात अडथळा किंवा विलंब झाला तर’ यांत मोठं अंतर आहे. पहिल्या शब्दांत, लांबच्या रस्त्याने जास्त भाडं देऊन ट्रक नेता आला असता, तर तुम्ही सुटत नाही. दुसऱ्या शब्दांत सुटण्याची शक्यता बरीच वाढते. पुरवठादार म्हणून तुम्हाला दुसरे शब्द हवेत. कंपनीचा मसुदा आला तर त्यात बहुधा पहिले असतील. आणि अट दोघांसाठी आहे की एकाच पक्षासाठी, हेही तपासा. एप्रिल २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे पोलाद आयात करणाऱ्यांनी टाळेबंदीचं कारण देऊन पतपत्रांचे, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटचे, पैसे रोखायची मागणी केली होती. न्यायालयाने नकार देताना जी कारणं दिली त्यातलं एक असं की करारातलं फोर्स मेजर कलम फक्त विक्रेत्याच्या बाजूने होतं, खरेदीदाराला त्याचा आधारच नव्हता. पतपत्र हा बँकेशी झालेला स्वतंत्र व्यवहार आहे, हेही न्यायालयाने बजावलं. तुम्ही कंपनीला बँक हमी दिली असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

यानंतरची गोष्ट सूचनेची, आणि माझ्या अनुभवात चांगली प्रकरणं इथेच हातची जातात. घटना खरी, उशीर खरा, पण कळवलं ते पूर ओसरल्यावर, दंडाचं पत्र आल्यानंतर. केंद्र सरकारच्या वस्तू खरेदीच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय की घटना घडताच सूचना द्यायची, मागाहून दावा करता येणार नाही. त्याच पुस्तिकेत असंही आहे की या अटीने काम कायमचं माफ होत नाही, त्या काळापुरतं स्थगित होतं, आणि अडथळा ९० दिवसांपेक्षा लांबला तर कोणताही पक्ष करार संपवू शकतो. कोरोनाच्या सुरुवातीला, १९ फेब्रुवारी २०२० रोजी, अर्थ मंत्रालयाने सरकारी खरेदीसाठी हीच तरतूद वापरता येईल असं परिपत्रक काढलं होतं. ते खासगी करारांना लागू नाही, पण खासगी कंपन्यांचे मसुदे बरेचदा याच साच्यातले असतात.

सूचना कशी लिहायची? लांबलचक नको. ‘आपल्या अमुक तारखेच्या कराराखाली १० ऑगस्टपर्यंत २० टन माल द्यायचा होता. ६ ऑगस्टपासून पुरामुळे रस्ता बंद आहे. १२ टन माल तयार असून रस्ता खुला होताच पाठवू. ८ टन माल भिजला असून बदली मालाची खरेदी सुरू आहे, तो अंदाजे अमुक तारखेपर्यंत पोचेल. करारातील फोर्स मेजर अटीखाली मुदतवाढ द्यावी.’ एवढं पुरतं. घटना, तिने नेमकं काय अडवलं, किती काळ, आणि तुम्ही काय करताय, या चार गोष्टी त्यात आल्या. करारात सूचनेचा जो पत्ता आणि जो मार्ग दिलाय तोच वापरा. पुरात टपाल बंद असेल तर ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप त्याच दिवशी पाठवा, पोस्ट सुरू होताच तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि त्यात ईमेलच्या तारखेचा उल्लेख करा. सोबत तलाठ्याचा पंचनामा, रस्ता बंद केल्याचा प्रशासनाचा आदेश किंवा सूचना, पाण्याच्या खुणा दिसतील असे तारखेचे फोटो ठेवा. विमा असेल तर सर्व्हेयर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका. त्याचा अहवाल दोन्हीकडे कामाला येतो.

आता भाडं. इथे कायदा भाडेकरूला कडक वाटतो, पण त्यामागचं कारण समजून घेतलं तर मार्ग सापडतो.

पुरवठ्यात तुमचं काम माल पोचवण्याचं होतं आणि पुराने तेच अडवलं. भाडेकरारात तुमचं काम पैसे देण्याचं आहे. पूर आल्याने पैसे पाठवणं अडत नाही. धंदा बसला, हातात रोकड नाही, हे खरं असतं, पण कायद्याच्या नजरेत ती अडचण ठरते, अडवणूक ठरत नाही. शिवाय बऱ्याच छापील अटींच्या शेवटी ‘रक्कम देण्याची जबाबदारी वगळून’ असे शब्द असतात. तुमच्या परिच्छेदात ते आहेत का, आधी पाहा. असतील तर भाड्यापुरता तो परिच्छेद संपला.

तुमचा करार पट्टा, म्हणजे लीज, आहे की लिव्ह अँड लायसन्स, यावर पुढचं अवलंबून आहे. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचे बहुतेक करार दुसऱ्या प्रकारचे असतात. पट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम १०८ लागतं. आग, वादळ, पूर, जमावाची हिंसा किंवा अशाच अटळ शक्तीने जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला, किंवा ज्या कामासाठी ती घेतली त्यासाठी ठळकपणे आणि कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेकरूला पट्टा रद्द करण्याचा पर्याय मिळतो. यात ‘कायमची’ हा शब्द निर्णायक आहे. पाणी सहा दिवस होतं, गाळ काढायला दहा दिवस गेले, जागा पुन्हा वापरात आली, तर हे कलम लागत नाही. आणि पर्याय फक्त सोडून जाण्याचा आहे. किल्ली स्वतःकडे ठेवायची, सामान आत ठेवायचं आणि भाडं द्यायचं नाही, असा मधला पर्याय कायदा देत नाही. कलम ५६ इथे मदतीला येत नाही. ताबा देऊन झालेल्या पट्ट्याला ते लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ‘राजा ध्रुवदेव चंद’ खटल्यात ठरवलं. त्या खटल्यातली पट्ट्याने घेतलेली शेतजमीन फाळणीत पाकिस्तानात गेली होती, तरीही दिलेलं भाडं परत मिळालं नाही.

टाळेबंदीत हाच प्रश्न दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानावरून उच्च न्यायालयापुढे आला. दुकान बंद होतं, ग्राहक नव्हते, भाडं स्थगित करा अशी मागणी होती. मे २०२० मध्ये न्यायालयाने ती नाकारली. करारात तशी तरतूद नाही आणि जागा सोडायची इच्छा नाही, तर भाडं द्यावं लागेल. मात्र परिस्थिती पाहून रक्कम भरण्याच्या तारखा न्यायालयाने पुढे ढकलल्या. माफी मिळाली नाही, सवड मिळाली, एवढाच त्या निकालाचा उपयोग.

लिव्ह अँड लायसन्स असेल तर तुम्हाला जागेत हक्क मिळालेला नाही, फक्त वापरायची परवानगी मिळाली आहे. त्याला कलम १०८ लागत नाही. तिथे सुविधाधिकार कायदा १८८२ पाहावा लागतो. त्याच्या कलम ६२ नुसार जागा नष्ट झाली, किंवा वरचढ शक्तीमुळे ती कायमची इतकी बदलली की परवानगी वापरता येणार नाही, तर परवानगी आपोआप संपते. पुन्हा तोच ‘कायमची’ शब्द. मधल्या काळाचं भाडं हा प्रश्न दोन्ही कायद्यांनी करारावर सोडलाय. लायसन्सच्या करारात तुमच्या बाजूने एक मुद्दा मांडता येतो: परवानगी वापराची होती आणि वापरच होऊ शकला नाही, तर त्या दिवसांचं शुल्क कशाचं? वाटाघाटीत तो जरूर मांडा. पण करारात त्याला शब्दांचा आधार नसेल तर त्याच्या भरवशावर भाडं थांबवू नका. थकबाकी दाखवून करार रद्द करायची संधी मालकाला मिळते, आणि अनामत रकमेतून कापून घेणं त्याच्या हातात असतं.

तुम्ही जागा सोडायच्या विचारात असाल तर लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक मुदतीआधी जागा सोडता येणार नाही असं सांगणारं, कलम वाचा. लॉक-इन चालू असताना बाहेर पडायचं तर फोर्स मेजरचा परिच्छेद ‘करार संपवता येईल’ असं म्हणतो की नुसतं ‘जबाबदारी स्थगित राहील’ असं म्हणतो, यावर सगळं ठरतं. नुसती स्थगिती असेल तर लॉक-इनची उरलेली रक्कम मालक मागू शकतो.

पुढच्या नूतनीकरणात गोदाममालकाशी हे शब्द ठरवून घ्या: ‘पूर, आग किंवा सरकारी आदेशामुळे जागा सलग ३ दिवसांपेक्षा जास्त काळ साठवणुकीसाठी वापरता आली नाही, तर पहिल्या दिवसापासून जागा पुन्हा वापरण्यायोग्य होईपर्यंतचे भाडे दिवसांच्या प्रमाणात आकारले जाणार नाही. हा काळ सलग ४५ दिवसांपेक्षा जास्त झाला, तर लॉक-इन असले तरी कोणताही पक्ष ७ दिवसांच्या लेखी सूचनेने करार संपवू शकेल आणि देणी वजा करून अनामत रक्कम १५ दिवसांत परत केली जाईल.’ महिना ४०,००० भाडं असेल तर १६ दिवसांचे ऑगस्टच्या हिशेबाने २०,६४५ रुपये होतात. मालक पूर्ण सूट द्यायला तयार नसेल तर निम्म्यावर या. नदीकाठच्या गोदामाला भाडेकरू मिळवणं त्यालाही सोपं नसतं, आणि जून उजाडायच्या आत विचारलं तर तो ऐकून घेतो. करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ ने ती जबाबदारी जागामालकावर टाकली आहे, पण नोंदवलेला कागद हातात असण्याचा फायदा तुमचाही आहे.